चिपच्या निर्यातीचा फसवा आकडा

"मलेशिया एवढ्या चिप निर्यात करतो, मग तो मध्यम उत्पन्नाच्या सापळ्यात, म्हणजे गरिबीतून वर येऊनही श्रीमंत होण्याआधीच अडकलेला, कसा?"

मलेशियातल्या पेनांगमध्ये 1972 साली अमेरिकी चिप कंपनी इंटेलचा कारखाना आला, पण काम जुळणीचे: बाहेरून आलेली सिलिकॉनची चकती कापायची, तुकड्याला तारा जोडायच्या, आवरण घालून तपासायचे. निर्यातीत चिपची पूर्ण किंमत दिसते. चिपच्या आराखड्याची कमाई मात्र परदेशातच राहते. त्यात बाहेरचे मजूर आणून मजुरी दाबली गेली, मग महागडी यंत्रे बसवायची घाई कोणाला? (इथेच खरी गोम आहे.) तैवानने मात्र 1976 मध्ये अभियंते अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत चिप बनवणे शिकायला धाडले, 1987 मध्ये तिथेच चिप बनवणारी टीएसएमसी ही कंपनी उभी राहिली. कोणत्याही देशाचा निर्यातीचा आकडा वाचताना त्यातून आयात केलेल्या भागांची किंमत आधी वजा करा.