दोनशेचा भाव आणि कोल्डमधला बेदाणा

सांगली-तासगावकडं बेदाण्याचा भाव पडला की सौद्याच्या हॉलबाहेर एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'एवढ्यात नाय द्यायचा, गेल्या साली दोनशेनं दिलाय.' मग माल परत कोल्ड स्टोरेजला. बाहेरचा माणूस म्हणतो शेतकरी हट्टी आहे, अर्थशास्त्राची चार पुस्तकं वाचलेला म्हणतो ही लॉस अ‍ॅव्हर्जन, म्हणजे तोट्याची धास्ती. मला दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात. नुसती धास्ती माणसाला थांबवत नाही, तोटा कुठल्या आकड्यापासून मोजतोय त्यावर सगळं ठरतं.

हिशेब मांडूनच बघू, आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. कोल्डमध्ये ५ टन बेदाणा आहे. छाटणी, औषधं, मजुरी, रॅकवरची वाळवणी सगळं धरून खर्च किलोला १६० पडलाय. आज भाव १५०. गेल्या वर्षी २०० मिळाले होते. चार महिने थांबलं तर भाव १८० व्हायची किंवा १३० ला पडायची शक्यता निम्मी-निम्मी धरू. सरासरी निघते १५५, म्हणजे थांबण्यात किलोला ५ रुपये फायदा दिसतो. पण कोल्डचं भाडं महिन्याला किलोमागं ५० पैसे धरा, आणि आज विकला असता तर साडेसात लाख हातात आले असते, त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर महिन्याला किलोमागं दीड रुपया. भाडं नि व्याज मिळून २ रुपये, चार महिन्यांचे ८. म्हणजे १५५ चे राहिले १४७, आजच्या १५० पेक्षा ३ रुपये कमी, आणि ५ टनावर १५ हजारांचा फटका. भाड्याची पावती तरी दिसते, व्याजाची कुणी देत नाही, त्यामुळं पैसा स्वतःचा असेल तर ते दीड रुपये हिशेबात येतच नाहीत. कर्ज असेल तरच टोचतात.

आता मन काय करतं ते बघा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि अ‍ॅमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं की माणूस एकूण संपत्ती बघत नाही, एखाद्या रेघेपासून वर किती गेलो आणि खाली किती आलो हे बघतो. रेघेखालचा एक रुपया रेघेवरच्या रुपयापेक्षा जास्त दुखतो, १९९२ च्या त्यांच्या अंदाजात साधारण सव्वादोन पट. पण दुसरी गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे रेघेपासून जसं लांब जाल तसं प्रत्येक पुढच्या रुपयाचं दुखणं बोथट होत जातं. पहिले १० रुपये गेले की जीव कासावीस होतो, ७० चे ८० झाले तर तेवढं काही वाटत नाही.

त्यांच्याच १९९२ च्या सूत्रात आपले आकडे घालून बघितले. रेघ खर्चाच्या १६० वर ठेवली तर आज विकून १० चा तोटा. थांबलं तर भाड्या-व्याजाचे ८ वजा जाता एकतर १२ फायदा नाहीतर ३८ तोटा. सूत्र सरळ सांगतं, विक. म्हणजे इथं तोट्याची धास्ती माणसाला शहाणंच करतीय! आता रेघ गेल्या सालच्या २०० वर नेली. आज विकलं तर ५० चा तोटा, थांबलं तर २८ किंवा ७८ चा. दोन्हीकडं तोटाच, आधीच खोल पाण्यात आहे, मग अजून थोडं खोल गेलं तर काय, कदाचित वर तरी येऊ. पारडं जवळजवळ बरोबरीत येतं, किंचित थांबण्याकडंच झुकतं. आणि त्यातून भाडं-व्याज विसरलं असेल तर गडी थांबणारच. माल तोच, भाव तोच, बदलली ती फक्त रेघ.

हे २०० वर्षभर दोन कामं करत असतात. एक तर रेघ बनतात, आणि दुसरं म्हणजे पुढच्या भावाचा अंदाज स्वतःकडं ओढतात. या दुसऱ्याला अँकरिंग म्हणतात. १९७४ च्या लेखात त्याच दोघांनी एक चक्र वापरलं होतं, दिसायला ० ते १०० चं पण आतून अशी सोय की १० किंवा ६५ वरच थांबायचं. मग विचारायचे, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेचे देश किती टक्के? १० बघितलेल्यांच्या गटाचं मधलं उत्तर २५ आलं आणि ६५ वाल्यांचं ४५. चक्राचा आफ्रिकेशी काडीचा संबंध नाही हे सगळ्यांना दिसत होतं तरी आकड्यानं ओढलंच. २०० तर खरा मिळालेला भाव आहे, तो किती ओढत असेल. आपण निम्मी-निम्मी शक्यता धरली तिथं हा माणूस मनात रुपयातल्या आठ आण्यांऐवजी चौदा आणे धरून बसतो आणि त्याला ते अनुभवाचं बोलणं वाटतं.

रेघ बाहेरचा माणूसही हलवू शकतो, शब्द बदलून. अडत्या म्हणाला 'दोनशेवरनं पन्नास उतरलाय' तर हात आखडतो, आणि तोच म्हणाला 'चार महिन्याचं भाडं-व्याज वाचवून दीडशे रोख मिळतायत' तर माणूस विचार तरी करतो. यालाच फ्रेमिंग म्हणतात. १९८१ च्या काहनेमन-ट्वर्स्की यांच्या प्रश्नात साथीत ६०० जीव धोक्यात होते. '२०० नक्की वाचतील' असं लिहिलं तर ७२ टक्क्यांनी तो खात्रीचा पर्याय घेतला, तीच गोष्ट '४०० नक्की मरतील' अशी लिहिली तर ७८ टक्के लोक जुगाराकडं वळले.

उरला सन्क कॉस्ट, बुडीत खर्च. 'सहा महिने भाडं भरलंय, आता काय पडेल भावात काढायचं?' हे वाक्य त्याचंच. भरलेलं भाडं आज विकलं तरी परत येत नाही, चार महिन्यांनी विकलं तरी नाही, म्हणून निवड करताना ते दोन्ही बाजूंनी कापलं जातं. खरं तर १६० चा उत्पादन खर्चही तसाच कापला जातो, आणि हे पचायला फार जड आहे. पुढच्या साली बाग ठेवायची का नाही यासाठी तो आकडा लागतोच, पण आजच्या मालाचं काय करायचं याच्यासाठी नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही. बोस्टनमध्ये १९९० च्या दशकात घरांचे भाव पडले तेव्हाच्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास जेनेसोव्ह आणि मेयर यांनी २००१ मध्ये छापला. खरेदीपेक्षा कमी किंमत यायची पाळी आलेले मालक जास्त भाव मागत होते, त्यांना थोडा जास्त मिळतही होता, पण फ्लॅट जास्त दिवस पडून राहत होते. ते सव्वादोन पटसुद्धा दगडावरची रेघ समजू नका. छोट्या रकमांना ही धास्ती नीट दिसत नाही असं काही संशोधक म्हणतात. आणि अर्थशास्त्रज्ञ जॉन लिस्ट यांना खेळाडूंच्या कार्डांच्या बाजारात दिसलं की हातातली वस्तू सोडवत नाही हा प्रकार मुरलेल्या व्यापाऱ्यांत बराच कमी असतो. शेतकरी वर्षातून दोन-चारदाच विकतो, व्यापारी रोज, तर फरक पडणारच.

मग थांबणं चूकच का? अजिबात नाही. एक प्रश्न स्वतःला विचारायचा, आपला माल विकून झालाय, साडेसात लाख हातात आहेत, तर याच दर्जाचा दुसऱ्याचा ५ टन माल दीडशेनं घेऊन मी चार महिने कोल्डला ठेवीन का? 'येडा आहे का मी' असं उत्तर आलं तर तुम्हाला २०० नं धरून ठेवलंय. उत्तर 'हो' असेल, म्हणजे कोल्डमधला शिल्लक साठा कमी आहे, हिरव्या लांब मालाला सणाची मागणी निघतीय, तर तुमचं कारण पुढच्या भावाबद्दलचं आहे, आणि ते साठ्याचे आकडे नि सौद्याला येणारी आवक बघून दर आठवड्याला तपासता येतं.