सोन्याचा औंसभाव आणि ग्रॅमभाव

लंडन आणि न्यूयॉर्कच्या बाजारांत सोन्याचा भाव ‘एका ट्रॉय औंसाला इतके डॉलर’ असा सांगतात. पुण्यात तो ग्रॅमला किंवा दहा ग्रॅमला रुपयांत असतो. पहिल्यावरून दुसरा काढायचा तर औंसाच्या भावाला ३१.१०३४७६८ ने भागायचे आणि डॉलरच्या दराने गुणायचे. कृती एवढीच आहे. भागाकार कोणीच चुकत नाही. चूक होते ती औंस ओळखण्यात, आणि पुण्यातल्या गिऱ्हाइकाला ती सापडत नाही, कारण ती करांच्या आकड्यामागे जवळजवळ पूर्ण झाकली जाते.

औंस दोन आहेत. इंग्रजी वजनमापांत किराणा, टपाल आणि माणसाचे वजन ज्या औंसात मोजतात तो २८.३५ ग्रॅमचा. सोने, चांदी आणि प्लॅटिनम ज्यात मोजतात तो ट्रॉय औंस ३१.१०३४७६८ ग्रॅमचा. दोघांचा पाया एकच आहे: ग्रेन नावाचे बारीक वजन, ६४.७९८९१ मिलिग्रॅमचे. साध्या औंसात असे ४३७.५ ग्रेन भरतात, ट्रॉय औंसात ४८०. म्हणजे ट्रॉय औंस साध्या औंसापेक्षा ९.७ टक्क्यांनी जड. बातमीत मात्र दोन्हींना नुसते ‘औंस’ म्हणतात. सोन्याचा भाव असेल तर तो ट्रॉयच, हे वाचणाऱ्याने गृहीत धरायचे असते.

चुकीचा औंस बहुतेक वेळा यंत्रातून येतो. फोनवर ‘एक औंस म्हणजे किती ग्रॅम’ असे शोधले की उत्तर २८.३५ येते, कारण प्रश्नात सोन्याचा उल्लेखच नसतो. एक्सेलमध्येही तसेच. तिथल्या CONVERT सूत्रात औंसासाठी `ozm` हे एकक आहे आणि ते साध्या औंसाचे आहे. ट्रॉय औंसाला वेगळे नावच नाही. ग्रेन मात्र आहे, म्हणून त्यातून वाट काढता येते:

```
=CONVERT(1,"ozm","g")      → 28.3495  (सोन्यासाठी चुकीचे)
=CONVERT(480,"grain","g")  → 31.1035  (ट्रॉय औंस)
```

आता एक हिशेब पूर्ण करून पाहू. आकडे सोपे जावेत म्हणून औंसाचा भाव २,४०० डॉलर आणि डॉलर ८४ रुपयांना धरू. २,४०० ला ३१.१०३४७६८ ने भागले की ग्रॅमला ७७.१६ डॉलर येतात. त्याला ८४ ने गुणले की ग्रॅमला ६,४८१ रुपये ५९ पैसे, म्हणजे दहा ग्रॅमला ६४,८१६ रुपये. हा झाला कोणताही कर नसलेला, चोख सोन्याचा भाव.

पुण्यातला भाव याहून जास्त असणार, कारण सोने आयात होते. २०२४ च्या जुलैमधल्या अर्थसंकल्पात सोन्यावरचे आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणले गेले. त्या दराने ६४,८१६ चे ६८,७०५ होतात. त्यावर ३ टक्के जीएसटी धरला की गिऱ्हाइकाच्या खिशातून जाणारी रक्कम ७०,७६६ रुपये.

हाच हिशेब २८.३४९५ ने भागून केला तर दहा ग्रॅमला ७१,११२ रुपये येतात. कर न धरता. खरी गंमत इथेच आहे. चुकीच्या औंसामुळे भाव ९.७ टक्क्यांनी फुगला. आयात शुल्क आणि जीएसटी मिळून तो ९.१८ टक्क्यांनी वाढतो. ज्याने कर विसरून चुकीचा औंस घेतला, त्याचे उत्तर सराफाच्या कर धरून सांगितलेल्या भावाच्या साडेतीनशे रुपयांच्या आत जाऊन बसते. लक्ष्मी रस्त्यावरच्या पेढीत उभे राहून फोनवर हिशेब करणारा माणूस ७१,११२ आणि ७०,७६६ शेजारी ठेवतो आणि ‘जुळला’ म्हणतो. दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या, हे त्याला कळायला मार्गच नसतो. शुल्क १५ टक्के होते तेव्हा असे होत नव्हते. त्या वेळी शुल्क आणि जीएसटी मिळून भाव साडेअठरा टक्क्यांच्या आसपास वाढत असे आणि चुकीच्या औंसाचे उत्तर सराफाच्या भावापासून लांब पडे.

चूक उघडी पडते ती माणूस नेटाने पुढे जाऊन कर लावतो तेव्हा. ७१,११२ वर शुल्क आणि जीएसटी चढवले की आकडा ७७,६४० च्या घरात जातो, आणि सराफ जगाच्या भावापेक्षा पावणेसात हजारांनी स्वस्त विकतोय असे दिसू लागते. कोणताही सराफ आयातीच्या खर्चाखाली इतके विकत नाही. असे उत्तर आले की बाजारावर शंका घेण्याआधी भाजक तपासावा.

त्याहून सोपी तपासणी कागदाशिवाय होते. दहा ग्रॅम हा ट्रॉय औंसाचा तिसऱ्या हिश्शापेक्षा जरा कमी भाग आहे (०.३२१५), तर साध्या औंसाचा तो तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भाग आहे (०.३५२७). म्हणून औंसाच्या भावाला तीनने भागावे. आपल्या उदाहरणात ८०० डॉलर येतात. दहा ग्रॅमचा डॉलरमधला भाव त्याच्या खाली यायला हवा: बरोबर उत्तर ७७१.६२, चुकीचे ८४६.५८. भाव किती का असेना, ही खूण बदलत नाही. आलेला आकडा तिसऱ्या हिश्शाच्या वर गेला की औंस चुकला.

पुण्यातल्या जुन्या घरांना लागू पडणारी आणखी एक खूण आहे, आणि ती मला सगळ्यात आवडते. तोळाही ग्रेनवरच बांधलेला आहे. १८३३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने तोळ्याचे वजन १८० ग्रेन ठरवले, म्हणजे ११.६६३८ ग्रॅम. ट्रॉय औंस ४८० ग्रेनचा, तोळा १८० चा. म्हणून तीन औंस म्हणजे बरोबर आठ तोळे, एक गुंजही इकडे-तिकडे नाही. औंसाच्या भावाला आठने भागून तीनने गुणले की जुन्या तोळ्याचा भाव मिळतो. २,४०० चे ९००. दहा तोळ्यांचे बिस्किट हातात घेतले तर त्यात पावणेचार औंस सोने असते, ११६.६४ ग्रॅम.

पण ‘जुन्या’ हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. आज सोन्या मारुती चौकात ‘तोळ्याला काय भाव?’ विचारले तर उत्तर दहा ग्रॅमचे मिळते. मेट्रिक मापे आली तसा तोळा बोलण्यात उरला आणि त्याचे वजन दहा ग्रॅमवर आले. जुन्या तोळ्याचा भाव काढून तो आजच्या तोळ्याच्या भावाशी जुळवला तर साडेसोळा टक्क्यांचा फरक पडतो. उलट बाजूने याचा फटका घरच्या दागिन्यांत बसतो. आजीच्या पाटल्यांच्या जुन्या पावतीवर ‘४ तोळे’ लिहिलेले असेल तर ते ४६.६६ ग्रॅम आहेत. मोड द्यायला जाताना ४० ग्रॅम मनात धरून गेलेला माणूस वजनकाट्यावर ४६ पाहून चकित होतो. सोने वाढलेले नसते, तोळा लहान झालेला असतो. अशा पावतीवर मासे आणि गुंजा असल्या की ओळख पक्की होते: बारा मासे म्हणजे एक तोळा, आठ गुंजा म्हणजे एक मासा.

कसाचा हिशेब औंसाच्या हिशेबानंतर करावा, मध्ये नाही. आंतरराष्ट्रीय भाव चोख सोन्याचा असतो. बावीस कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोने, म्हणून शुल्क धरलेल्या ६८,७०५ ला ०.९१६ ने गुणले की बावीस कॅरेटच्या दहा ग्रॅमला ६२,९३४ रुपये येतात. पाडव्याला वेढणी घेणाऱ्याने २४ कॅरेटचा आकडा पाहावा, मंगळसूत्र किंवा बांगड्या घेणाऱ्याने हा. पेढीच्या फळ्यावर हे दोन्ही भाव शेजारीशेजारी लिहिलेले असतात आणि घाईत नजर पहिल्या ओळीवरच थांबते. फळ्यावरचा भाव जीएसटी धरून आहे की न धरता, हेही विचारून घ्यावे, नाहीतर वर सांगितलेला घोटाळा पुन्हा दारात येतो. घडणावळ या सगळ्याच्या बाहेर असते, ती पावतीवर वेगळी दिसते.

दशांशांची फार चिंता करू नये. ३१.१०३४७६८ ऐवजी ३१.१ घेतले तर आपल्या उदाहरणात दहा ग्रॅममागे सात रुपयांचा फरक पडतो. ३१ घेतले तर २१६ रुपयांचा, आणि तो मात्र टाळावा. रोज हिशेब करणाऱ्याने शीटमध्ये पूर्ण आकडा एकदाच लिहून ठेवावा. A1 मध्ये औंसाचा भाव आणि B1 मध्ये डॉलरचा दर असेल तर दहा ग्रॅमचा करांशिवायचा भाव असा येतो:

```
=A1/31.1034768*B1*10
```

इतके काटेकोर करूनही उत्तर फळ्याशी रुपयाला रुपया जुळत नाही, आणि त्याची कारणे औंसात नसतात. लंडनचा अधिकृत भाव तिथल्या वेळेनुसार सकाळी साडेदहाला आणि दुपारी तीनला ठरतो. म्हणजे पुण्यात, ऋतूप्रमाणे, पहिला दुपारी तीन किंवा चारला आणि दुसरा रात्री साडेसात किंवा साडेआठला. सकाळी उघडलेल्या पेढीचा भाव कालच्या रात्रीवर उभा असतो आणि तेवढ्या वेळात डॉलरही हलतो. शिवाय शुल्क प्रत्यक्ष बाजारभावावर लागत नाही. सरकार सोन्याचे शुल्कमूल्य वेळोवेळी जाहीर करते, आणि तेही दहा ग्रॅमला इतके डॉलर असे. भाव झपाट्याने चढत असेल तर हे मूल्य मागे राहते आणि शुल्क आपल्या हिशेबापेक्षा थोडे कमी बसते, उतरताना थोडे जास्त. त्यावर मागणीप्रमाणे इथले व्यापारी आयातीच्या भावावर थोडे अधिक घेतात किंवा थोडी सूट देतात. दसऱ्याच्या आधी आणि पितृपक्षात हा फरक सारखा नसतो.