वाळू-बर्फावर चेहरे काळे का पडू लागले

फिल्मच्या जमान्यात कोडॅकच्या रोलसोबत एक छोटा तक्ता मिळायचा. ऊन कसं आहे ते बघायचं आणि समोरचा आकडा कॅमेऱ्यावर लावायचा, एवढंच काम. या तक्त्यात ‘उजळ वाळू किंवा बर्फावरचं ऊन’ अशी एक वेगळी ओळ असे आणि तिथे नेहमीच्या उन्हापेक्षा लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर एक स्टॉप बारीक करायला सांगितलेलं असे. म्हणजे फिल्मवर निम्मा प्रकाश जाऊ द्यायचा. पुढच्या काळातल्या ऑटोमॅटिक कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक मात्र नेमकं उलटं सांगतं: बर्फावर किंवा समुद्रकिनारी एक्स्पोजर, म्हणजे फिल्मला मिळणारा प्रकाश, एक ते दोन स्टॉप वाढवा. एक म्हणतो कमी करा, दुसरा म्हणतो वाढवा, आणि गंमत म्हणजे दोघंही बरोबर आहेत. समुद्रावर काळवंडलेल्या चेहऱ्यांचा इतिहास या दोन सल्ल्यांच्या मधल्या काळात घडला.

तक्ता फक्त पडणाऱ्या प्रकाशाचा हिशेब करतो. दुपारच्या स्वच्छ उन्हात जमिनीवर किती प्रकाश पडतो ते साधारण ठरलेलं असतं, म्हणून आयएसओ १०० इतक्या संवेदनशील फिल्मला एफ/१६ एवढं छिद्र आणि शटर उघडं राहायला सेकंदाचा साधारण १/१०० भाग हे समीकरण सगळीकडे चालतं. किनाऱ्यावर त्यात भर पडते ती वाळूवरून उसळून चेहऱ्यावर येणाऱ्या उजेडाची. चेहऱ्याला जास्त प्रकाश मिळतोय, तर कॅमेऱ्यात थोडा कमी घ्या, असा तो सरळ विचार होता. सूर्य पाठीमागे असेल आणि माणूस जवळून टिपायचा असेल, तर दोन स्टॉप उघडा, अशी तळटीपही बहुतेक तक्त्यांत असे. ती वाचली तर चेहरा काळा येण्याचं फारसं कारणच उरत नव्हतं.

आपल्याकडे घराघरांत पोचलेला अ‍ॅग्फा क्लिक थ्री याच पठडीतला. त्यात उजेड मोजणारा मीटर नव्हता. ऊन की ढगाळ, तेवढी खूण बघून खटका सरकवायचा. मीटरच नाही म्हटल्यावर आजूबाजूची वाळू पाहून फसायला होतंय कोण? त्या कॅमेऱ्यातल्या चौपाटीवरच्या फोटोंमध्ये आजी-आजोबा पुरेसे उजळ दिसतात, याचं श्रेय कॅमेऱ्याच्या अडाणीपणाला जातं. शिवाय कृष्णधवल निगेटिव्ह थोडं ओव्हर, म्हणजे प्रकाश जास्त झालेलं खपवून घेते. अंडर मात्र ती कधीच माफ करत नाही.

फसण्याची सोय झाली ती १९३२ साली. अमेरिकेतल्या न्यूअर्कच्या वेस्टन कंपनीने सेलेनियम सेलवर चालणारा ‘युनिव्हर्सल ६१७’ हा एक्स्पोजर मीटर बाजारात आणला. सेलवर उजेड पडला की वीज तयार होते आणि काटा हलतो. बॅटरी लागत नाही. उपकरण उत्तमच होतं, पण ते दृश्यावरून परत येणारा प्रकाश मोजत होतं. समोर काळं कापड भर उन्हात आहे की पांढरं कापड सावलीत, हे काट्याला कळत नाही. त्याला फक्त एक सरासरी आकडा मिळतो. त्या सरासरीचा अर्थ लावायला एक गृहीतक लागतं: समोरचं दृश्य मध्यम करड्या रंगाचं आहे.

हे गृहीतक हवेतून आलेलं नव्हतं. कोडॅकच्या प्रयोगशाळेत लॉइड जोन्स आणि एच. आर. काँडिट यांनी बाहेरच्या कितीतरी दृश्यांची उजळता मोजून १९४१ मध्ये निष्कर्ष छापले. झाडी, घरं, रस्ते, माणसं, थोडं आकाश अशी सगळी भेसळ एकत्र धरली, तर बहुतेक दृश्यं सरासरीत एकमेकांच्या बरीच जवळ येतात. मीटर आजही पडलेल्या प्रकाशापैकी साधारण बारा ते अठरा टक्के परत फेकणारा पृष्ठभाग समोर आहे असं धरूनच चालतात. ताजा बर्फ ऐंशी-नव्वद टक्के प्रकाश परत फेकतो. भानगड इथेच आहे.

गुलमर्गला भर दुपारी कोणीतरी बर्फात उभं आहे असं धरू. ऊन समोरून चेहऱ्यावर आहे, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/१६. मीटरच्या नजरेत निव्वळ बर्फ भरला, तर तो साधारण १/१००० सांगेल. चौकटीत माणूस, देवदार, निळं आकाश असं थोडं मिसळलं, तर १/५००. कोडॅकचा तक्ता याच प्रसंगी एफ/२२ हे आणखी बारीक छिद्र आणि १/१२५ सांगतो, म्हणजेच एफ/१६ ला १/२५०. बघा, तक्ता नेहमीच्या उन्हापेक्षा एक स्टॉप कमी देतोय, पण मीटरने सांगितलेल्यापेक्षा एक ते दोन स्टॉप जास्त. दोन सल्ल्यांमधला विरोध इथे संपतो: तक्ता उन्हापासून मोजतो, माहितीपुस्तक मीटरच्या चुकीपासून. मीटरचं ऐकलं तर बर्फ राखाडी निघतो आणि गव्हाळ चेहरा त्याच्याही खाली दोन स्टॉप जाऊन कोळसा होतो. बर्फ मळकट दिसतोय, ही या चुकीची सर्वांत सोपी खूण आहे. चेहऱ्याआधी तिकडे बघावं.

हातात मीटर घेऊन फिरणाऱ्यांना हे लवकर उमगलं होतं. आकाश टाळायला मीटर खाली झुकवायचा, माणसाच्या जवळ जाऊन फक्त चेहऱ्याचं रीडिंग घ्यायचं, तेही जमत नसेल तर त्याच उन्हात आपला तळहात धरून त्यावर मोजायचं, असे उपाय रूढ झाले. डॉन नॉरवुड यांनी तर प्रश्नच उलटा केला. मीटरवर पांढरा अर्धगोल बसवायचा आणि माणसाजवळ उभं राहून मीटरचं तोंड कॅमेऱ्याकडे करायचं, म्हणजे चेहऱ्यावर पडणारा प्रकाशच मोजला जातो. मागे बर्फ असो की काळा कातळ, आकडा तोच. सिनेमाच्या सेटवर हा पद्धतशीर उपाय रुजला. सहलीला निघालेल्या माणसाला एवढं कोण सांगणार?

त्याच्यासाठी १९६० च्या दशकात मीटर थेट कॅमेऱ्यात, लेन्सच्या मागे जाऊन बसला. १९६४ चा पेंटॅक्स स्पॉटमॅटिक यातला सर्वांत गाजलेला. त्याच्या नावात स्पॉट असला तरी विक्रीला आलेलं मॉडेल पूर्ण चौकटीची सरासरीच काढत होतं. सोय झाली, आणि जवळ जाऊन मोजायची सवय गेली. पुढे काटा जुळवण्याचं कामही कॅमेऱ्याने स्वतःकडे घेतलं. आता मीटर काय म्हणाला हे कळायच्या आत फोटो निघालेला असायचा. माझ्या मते काळ्या चेहऱ्यांची खरी लाट इथून सुरू झाली. मीटर आधीही चुकत होता, पण मध्ये माणूस होता.

मीटरने ठरवलेलं एक्स्पोजर हाताने कमी-जास्त करायची सोय, म्हणजेच कॉम्पेन्सेशन, हे त्या माणसाला परत मध्ये बोलावणं होतं. १९७६ च्या कॅनन एई-१ वर एक छोटं बटण होतं. दाबून धरलं की एक्स्पोजर दीड स्टॉप वाढायचं. ते सूर्य पाठीमागे असताना वापरायचं म्हणून दिलेलं, पण वाळू-बर्फावरही तेच चालायचं. दीड हा आकडा एक आणि दोनच्या मधला, म्हणजे कुठेच फार न चुकणारा. इतर कॅमेऱ्यांवर उणे दोन ते अधिक दोन अशा खुणांची तबकडी आली. सर्वांत तर्कशुद्ध उत्तर मात्र मला ऑलिंपसच्या ओएम-४ चं वाटतं, १९८३ चं. त्यात बारीक ठिपक्याएवढ्या जागेचं रीडिंग घेऊन ‘हायलाइट’ बटण दाबता येई. कॅमेऱ्याला अर्थ कळायचा: मी आत्ता मोजलं ते पांढरं आहे, त्याला पांढरंच ठेव, आणि तो रीडिंगवर दोन स्टॉप चढवायचा. चेहऱ्याकडे बघायचंच नाही, बर्फ त्याच्या जागी बसवायचा, की चेहरा आपोआप आपल्या जागी येतो.

एवढं करूनही लॅबमधून प्रिंट करडीच यायची, कारण तिथेही एक सरासरी बसलेली होती. कोडॅकच्या राल्फ इव्हान्स यांनी १९४० च्या दशकात मांडलेल्या तत्त्वावर रंगीत प्रिंटिंग यंत्रं चालत: पूर्ण निगेटिव्हची बेरीज करडी यावी, इतका प्रकाश कागदाला द्यायचा. बर्फाची निगेटिव्ह बरोबर एक्स्पोज केलेली असली, तरी यंत्र ती प्रिंट गडद करून टाकी. ऑपरेटर जागा असेल तर डेन्सिटीचं बटण दाबून प्रिंट उजळ करायचा. शिमला-मनालीच्या सीझनमध्ये रोलांचा ढीग लागलेला असला की राहून जायचं. अशा वेळी निगेटिव्ह उजेडात धरून बघावी. चेहऱ्याच्या जागी तपशील दिसत असेल तर पुन्हा प्रिंट मागता येते. तिथे फिल्म जवळजवळ स्वच्छ पारदर्शक असेल तर चूक फोटो काढतानाच झालेली असते आणि कोणतीही लॅब ती भरून देत नाही.

१९८३ मध्येच निकॉन एफए कॅमेऱ्याने चौकटीचे पाच भाग करून प्रत्येक वेगळा मोजायला सुरुवात केली. १९९६ च्या एफ५ मध्ये १,००५ रंगीत बिंदूंचा सेन्सर आला आणि समोरचं दृश्य साठवलेल्या हजारो फोटोंच्या नमुन्यांशी ताडून पाहिलं जाऊ लागलं. आजचे कॅमेरे आणि फोन चेहरा ओळखून त्याला झुकतं माप देतात. त्यामुळे चूक कमी झाली, पण तिचा अंदाज बांधणं अवघड झालं. जुना सरासरी मीटर बर्फावर हमखास दोन स्टॉप चुके, म्हणून अधिक दोन लावलं की काम होई. नवा मीटर त्यातला एक स्टॉप स्वतःच भरून काढतो, कधी काढत नाही, आणि ते सांगत नाही. म्हणून अधिक एकने सुरुवात करून हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळं ते उजवीकडे पांढरं असा उजेडाचा आलेख, बघणं बरं: डोंगर उजवीकडे सरकलेला हवा, पण उजव्या भिंतीला चिकटलेला नको. डिजिटलमध्ये पांढरं एकदा जळलं की त्यात बर्फाचा पोत परत येत नाही. फोनवर चेहऱ्याला बोट लावून शेजारचा सूर्य वर सरकवला की तेच होतं. बोट थोडा वेळ दाबून धरलं तर ते लॉकही होतं.

तरी कॉम्पेन्सेशनची एक मर्यादा कोणताही सेन्सर ओलांडू शकत नाही: ते चेहरा आणि मागची वाळू दोन्ही सारखंच उजळवतं. सूर्य माणसाच्या पाठीमागे असला तर चेहऱ्यासाठी पुरेसा प्रकाश घेताना आकाश पांढरंफटक होणारच. तिथे चेहऱ्यापुरता वेगळा उजेड लागतो, आणि भर दुपारी फ्लॅश वापरायचा तो याचसाठी. हिशेब सोपा आहे. फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, म्हणजे गाइड नंबर, २८ असेल आणि एफ/१६ लावलेलं असेल, तर अठ्ठावीसला सोळाने भागून येतात पावणेदोन मीटर. त्यापलीकडे उभ्या असलेल्या माणसापर्यंत फ्लॅश पुरा पडत नाही, म्हणून ग्रुप फोटोत मागची रांग काळीच राहते.

आणि सगळे किनारे एकसारखे नसतात. तारकर्लीची किंवा दक्षिण गोव्याची कोरडी फिकट वाळू भर दुपारी सहज एक स्टॉप मागते. अलिबागची गडद वाळू, तीही ओहोटीनंतर ओली असली, तर मध्यम करड्याच्या आसपास किंवा त्याहून गडदच असते. तिथे समुद्रकिनारा आहे म्हणून अधिक दीड लावलं, तर चेहरा काळा येण्याऐवजी धुऊन निघतो.