स्क्रू दिसतच नाही, मग दाराचा नॉब निघतो कसा?

नागपुरातल्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या दाराला बहुतेक वेळा गोल नॉबचं कुलूप असतं. आतून दाबायचं बटण, बाहेरून मधोमध एक बारीक भोक, आणि दोन्ही बाजूंना दाराला चिकटून बसलेली धातूची गोल चकती. उन्हाळ्यात कूलरची दमट हवा, मग पावसाळा, आणि बाथरूमची वाफ तर बारा महिने. काही वर्षांत नॉब डुगडुगायला लागतो किंवा लॅच अडकतं. बदलायला जावं तर कुठेही स्क्रू दिसत नाही. इथे बरेच जण नॉब जोर लावून उपटतात आणि त्याबरोबर दाराचं लॅमिनेटही सोलून काढतात.

स्क्रू असतातच, पण ते चकतीखाली असतात. चकती निघायची तर आधी नॉब निघावा लागतो, आणि आतल्या बाजूचा नॉब धरून ठेवतो तो एक स्प्रिंगचा खटका. नॉबच्या आत दारातून आलेली एक पोकळ नळी शिरते. त्या नळीतून धातूची छोटी जीभ बाहेर डोकावते आणि नॉबच्या मानेला असलेल्या भोकात अडकून बसते. जीभ दोन-तीन मिलिमीटर आत दाबली की नॉब मोकळा होतो.

काम सुरू करण्याआधी दार उघडून त्याखाली पाचर लावा. दार लॅचवर बंद असताना नॉब काढला आणि नळी फिरवता आली नाही, तर माणूस आत अडकतो. आतल्या नॉबची मान, म्हणजे नॉब आणि चकती यांमधला निमुळता भाग, टॉर्चचा प्रकाश आडवा टाकून तपासा. नॉब हळूहळू फिरवला की एका जागी दोनेक मिलिमीटरचं भोक किंवा बारीक खाच दिसते. दिवाळीच्या रंगकामात ती बुजलेली असू शकते, म्हणून नखानेही चाचपा. बाहेरच्या नॉबच्या तोंडावरचं मधलं भोक वेगळं. आत कोणी अडकलं तर बटण सोडवण्यासाठी ते असतं, त्यात कितीही टोचलं तरी नॉब निघणार नाही. काढायचं भोक मानेच्या बाजूला असतं, आणि तेही आतून. बाहेरून कोणी कुलूप उकलू नये म्हणूनच ही सगळी लपवालपवी.

आता भोकात टोच्या किंवा 2 मिमीची एलन की घाला. पेपरक्लिप बहुधा वाकते. आत स्प्रिंगचा लवचीक विरोध जाणवला तर तुम्ही खटक्यावर आहात. टणक लागलं तर टोक नळीवर टेकलंय, नॉब किंचित डावी-उजवीकडे हलवून जागा शोधा.

बहुतेक जण याच टप्प्यावर फसतात. एका हाताने नॉब ओढत दुसऱ्या हाताने दाबायचं, हे साहजिक वाटतं, पण त्याने खटका आणखी घट्ट होतो. नॉब ओढला की मानेच्या भोकाची कड खटक्याच्या कुशीवर रेलते. समजा तुम्ही 5 किलोच्या जोराने ओढताय. कोरड्या धातूवर धातू घासला तर घर्षण दाबाच्या साधारण पाचवा ते तिसरा हिस्सा धरता येतं, म्हणजे एक ते दीड किलो. खटका दुसऱ्या कुशीने नळीच्या खाचेवरही तितकाच रेलतो, तिथे पुन्हा तेवढंच. स्प्रिंगच्या विरोधाशिवाय दोन-तीन किलोंचा हा जादा अडसर दोन मिलिमीटरच्या टोकाने पार करायचा, म्हणून टोक घसरतं किंवा वाकतं. त्यावर आणखी जोराने ओढलं तर अडसर त्याच प्रमाणात वाढतो.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी नॉब दाराच्या दिशेने किंचित आत ढकला, म्हणजे खटक्यावरचा भार उतरेल. त्याच स्थितीत टोच्या पूर्ण दाबा. तो दाबलेलाच ठेवून मग नॉब सरळ रेषेत, थोडा हलवत बाहेर घ्या. खटका बुडाला असेल तर नॉब फारसा जोर न लावता सरकतो. गंज असेल तर भोकात पातळ मशीन ऑइलचा एक थेंब सोडा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग खटका दाबून-सोडून मोकळा करा. हातोडी नको. अशा कुलपांतले बरेच भाग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात, ते वाकण्याआधी तडकतात.

किल्लीच्या कुलपात एक जादा पायरी असते. किल्लीच्या बाजूचा नॉब काढायचा असेल तर अनेक कुलपांत किल्ली घालून साधारण पाव फेरा फिरवावी लागते, तोवर खटका आत जातच नाही.

नॉब निघाला की चकतीच्या कडेला एक छोटी खाच शोधा. तिथे चपटा स्क्रूड्रायव्हर घालून चकती उचकटा आणि लॅमिनेट वाचवायला खाली पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा. आत दोन लांब स्क्रू दिसतील. ते काढताना बाहेरचा अर्धा भाग दुसऱ्या हाताने धरा, नाहीतर तो फरशीवर पडतो. शेवटी दाराच्या कडेचे दोन स्क्रू काढून लॅच बाहेर घ्या.

मानेवर भोक आहे, पण त्यात सहा कोनांचा खड्डा दिसतोय, तर तो खटका नाही. तो ग्रब स्क्रू, म्हणजे डोकं नसलेला स्क्रू, आणि तो आतल्या सळईवर टोकाने रुतलेला असतो. लांबट हँडलमध्ये हाच जास्त भेटतो. बहुधा तो मानेच्या खालच्या अंगाला असतो, तेव्हा मोबाईलचा कॅमेरा खालून धरून पाहा. M4, म्हणजे 4 मिमी जाडीच्या, ग्रब स्क्रूला 2 मिमी, M5 ला 2.5 मिमी आणि M6 ला 3 मिमीची एलन की लागते. सेटमध्ये इंची माप असेल तर जपा. 3/32 इंच म्हणजे 2.38 मिमी. ती 2.5 च्या खड्ड्यात बसल्यासारखी वाटते, पण जोर लागला की कोपरे गोल करते आणि मग ड्रिलशिवाय इलाज उरत नाही. की पूर्ण खोल घालून दोन फेरे सैल करा. स्क्रू पूर्ण काढू नका, तो हरवतोच. गंजाने धरला असेल तर हेअर ड्रायरने मान तापवा. जस्त पोलादापेक्षा दुपटीहून जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे भोक स्क्रूपेक्षा जास्त फुगतं. फरक मिलिमीटरच्या शतांशाहूनही कमी असतो, पण गंजाची पकड सुटायला तो बरेचदा पुरतो.

नवं कुलूप घ्यायला इतवारीच्या बाजारात जाण्याआधी दाराच्या कडेपासून मोठ्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. ते सहसा 60 किंवा 70 मिमी असतं, आणि मोठं भोक 54 मिमीचं. काही लॅच दोन्ही अंतरांना जुळवता येतात, पण विचारून घ्या. बसवताना चकती आधी, नॉब नंतर. नॉबच्या मानेचं भोक खटक्याच्या रेषेत धरून आत ढकला. टक असा आवाज आल्यावर नॉब एकदा जोराने ओढून पाहा. दार लावण्याआधी, ते उघडं असतानाच, बटण दाबून बाहेरच्या भोकातून ते सुटतंय ना हेही तपासा.