राउंडच्या कच्च्या नोट्सची सोप नोट

सकाळच्या राउंडला सरांच्या मागे धावता धावता विद्यार्थी खिशातल्या डायरीत, नाहीतर जुन्या फॉर्मच्या पाठीवर जे भराभर खरडतो त्यातून चार भागांची नीट नोंद काढून ती लॉगबुकात उतरवायची, याला सोप नोट लिहिणं म्हणतात. एस म्हणजे पेशंट आणि घरचे काय सांगतात, ओ म्हणजे तपासून, मोजून काय सापडलं, ए म्हणजे त्यावरून बनलेलं मत आणि पी म्हणजे पुढे काय करायचं. ही पद्धत लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरने १९६० च्या दशकात मांडलेल्या प्रॉब्लेमवार रेकॉर्डमधून आली. आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसला नवीन अभ्यासक्रम लागला आणि लॉगबुक प्रत्येकाच्या मानगुटीवर बसलं.

चार मथळे पाठ करायला दोन मिनिटं पुरतात. अवघड असतं ते कच्च्या नोटमधलं प्रत्येक वाक्य कुणाचं आहे ते ओळखणं, कारण राउंडला बायको बोलते, सिस्टर बोलतात, इंटर्न बोलतो, सर मधेच चौथ्या बेडबद्दल काहीतरी सांगतात आणि डायरीत सगळं एकाच ओळीत येतं.

यवतमाळ-वर्धा पट्ट्यात कपाशीवर फवारणी सुरू झाली की मेडिसिनच्या वॉर्डात विषबाधेचे पेशंट येतातच (२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले होते, तेव्हापासून हा विषय तिकडे सगळ्यांना माहीत आहे). म्हणून उदाहरणही तसलंच घेऊ, रचलेलं आहे पण वॉर्डात असंच असतं. पस्तिशीतला शेतमजूर, काल दुपारी फवारताना उलट्या, घाम, लाळ, बाहुल्या टाचणीएवढ्या, ऑर्गॅनोफॉस्फेट म्हणजे ओपी कीटकनाशकाची विषबाधा म्हणून भरती, त्यावरचा उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिनचे डोस देऊन मग त्याचीच ड्रिप. आज सकाळी नऊच्या राउंडची कच्ची नोट अशी:

«बेड ७ ओपी, अ‍ॅट्रो २ मिग्रॅ तासाला, बायको म्हणे रातभर बडबडले जी, भितीवर मुंग्या दिसते म्हणे, चादर ओढे, रोज घेते, शेवटची परवा रात्री, लघवी नाही रात्रीपासून, इंटर्न: सॅच्युरेशन पडलं होतं?, पल्स १३२, बीपी १३०/८०, ताप १००.८, प्युपिल मोठे ६ मिमी, छाती क्लिअर, काख कोरडी, पोट फुगलं आवाज नाही, ब्लॅडर लागतं, शुगर ११८, मान उचलतो, सर: ड्रिप बंद, अर्ध्या तासाने बघा, कॅथेटर, मान बघत राहा, बेड ४ चं एक्सरे»

आता उलगडायला घ्यायचं. बडबड, मुंग्या, चादर ओढणं, लघवी न होणं, दारू, हे सगळं बायकोने सांगितलंय म्हणून एसमध्ये, आणि «पत्नीच्या सांगण्यानुसार» हे शब्द लिहायचेच, कारण पेशंट स्वतः भानावर नाही. दारूची ओळ बरेच जण सोडून देतात, विष फवारणीचं आहे मग दारूचं काय असं वाटतं म्हणून. पण इथे सगळा पेच तिथेच आहे, तो पुढे येतोच. इंटर्नचं «सॅच्युरेशन पडलं होतं» हे ऐकीव आहे, त्याला ओमध्ये जागा नाही. सिस्टरचा चार्ट काढून बघायचा, चार्टवर रात्रभर ९६ च्या खाली आकडाच नसेल तर «चार्टनुसार रात्रभर ९६ किंवा वर» एवढंच लिहायचं. बेड ४ चा एक्सरे कुठेच नाही, तो खोडायचा.

ओमध्ये सगळ्यात जास्त गडबड सवयीने होते. हात आपोआप लिहितो «हृदय नॉर्मल, सीएनएस नॉर्मल». या राउंडला हृदयाचे आवाज कुणी ऐकल्याची नोंदच नाही, आणि जो माणूस भिंतीवर मुंग्या बघतोय त्याचं सीएनएस नॉर्मल कसं? जे तपासलं नाही ते लिहायचं नाही, फार तर राउंड संपल्यावर परत जाऊन तपासायचं आणि नवीन वेळ टाकून लिहायचं. कोरडी काख मात्र सोडायची नाही, नुसता एक शब्द आहे पण मत त्यावर फिरतं.

ए हा भाग खरा. «ओपी विषबाधा, उपचार सुरू» असं लिहिलं की सही मिळते, पण ते कालचं निदान झालं, आजचं मत नाही. आजचा प्रश्न हा की हा माणूस भ्रमात का गेला. पहिली शंका अ‍ॅट्रोपिन जास्त झालं. दुसरी दारू सुटल्याचा त्रास, शेवटचा घोट परवा रात्रीचा, म्हणजे तासांच्या हिशोबातही बसतं, पल्स वाढते, बाहुल्याही मोठ्या होतात. पण दारू सुटल्यावर माणूस घामाने भिजतो, हा कोरडा आहे, आणि आतड्यांचे आवाज बंद, लघवी तुंबलेली, हे अ‍ॅट्रोपिनकडे बोट दाखवतं. ऑक्सिजन आणि शुगर ठीक, म्हणून ती कारणं मागे पडतात. तयार झालेली नोट साधारण अशी दिसते:

एस: पत्नीच्या सांगण्यानुसार रात्रभर असंबद्ध बडबड, भिंतीवर मुंग्या दिसणं, चादर ओढणं. रात्रीपासून लघवी नाही. रोज दारू, शेवटची परवा रात्री.

ओ, सकाळी ९: पल्स १३२, बीपी १३०/८०, ताप १००.८ फॅरनहाइट. बाहुल्या दोन्ही ६ मिमी. काख कोरडी. छाती स्वच्छ. पोट फुगलेलं, आतड्यांचे आवाज नाहीत, ब्लॅडर हाताला लागतं. उशीवरून मान उचलतो. शुगर ११८. सॅच्युरेशन चार्टनुसार रात्रभर ९६ किंवा वर. अ‍ॅट्रोपिन २ मिग्रॅ दर तासाला चालू.

ए: फवारणीतून ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधा, दुसरा दिवस. छाती कोरडी झाली, विषाची लक्षणं आटोक्यात. नवीन भ्रम, बहुधा अ‍ॅट्रोपिन जास्त झाल्याने. दारू सुटल्याचा त्रास पूर्ण नाकारता येत नाही. मानेची ताकद सध्या चांगली.

पी, युनिटच्या सल्ल्याने: अ‍ॅट्रोपिन ड्रिप बंद, दर ३० मिनिटांनी तपासणी, लक्षणं ओसरल्यावर १.५ मिग्रॅ दर तासाला पुन्हा सुरू. कॅथेटर. छातीत पाणी वाजतंय का, मान आणि श्वासाचा वेग वारंवार बघणे.

१.५ हा आकडा कच्च्या नोटमध्ये नव्हता. असे रेट मनाने टाकायचे नाहीत, आधीच्या रेटच्या ७० ते ८० टक्क्यांवर ड्रिप परत लावतात हे पुस्तकात असलं तरी केसपेपरवरची ऑर्डर बघूनच उतरवायचं, इथे तो तिथूनच घेतलाय. «मान बघत राहा» हे सरांचं वाक्य पुष्कळांना कळत नाही म्हणून गळतं. विषबाधेनंतर साधारण २४ ते ९६ तासांत, आधीची लक्षणं गेल्यावर, मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात, मान उचलता न येणं ही त्याची पहिली खूण असते, आणि या पेशंटची ती वेळ आज दुपारनंतर सुरू होते.

लॉगबुकात नाव, गाव, आयपीडी नंबर घालत नाहीत, वय आणि काम पुरतं (छोट्या तालुक्यात गावाचं नाव टाकलं की माणूस ओळखूच येतो). आणि अर्ध्या तासाने पल्स ११० वर आली, बडबड कमी झाली, तर ते सकाळच्या ओमध्ये घुसवायचं नाही, खाली ९:३० अशी वेळ टाकून वेगळी ओळ करायची, नाहीतर वाचणाऱ्याला कळतच नाही की ड्रिप पल्स ११० असताना बंद केली की १३२ असताना.