नऊ बदाम आणि उरलेली दोन पानं

टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येकाला दोन पानं गुपचूप मिळतात आणि टेबलावर सगळ्यांसाठी मिळून पाच पानं उघडली जातात. आधी तीन एकदम, तो फ्लॉप. मग एक, तो टर्न. शेवटी आणखी एक, तो रिव्हर. अशा सात पानांतून ज्याचा पाच पानांचा डाव सरस, त्याचा पॉट, म्हणजे सगळ्यांनी लावलेले पैसे. पाचही पानं एकाच रंगाची, म्हणजे सगळी बदाम किंवा सगळी किलवर, जमली की त्याला फ्लश म्हणतात. हा बराच ताकदीचा डाव आहे.

समजा, आपल्या हातात बदाम एक्का आणि बदाम अठ्ठी आहे. फ्लॉपवर किलवर राजा, बदाम छक्की आणि बदाम दुर्री आली. म्हणजे चार बदाम जमले, पाचवा हवाय, आणि दोन पानं उघडायची बाकी आहेत. रिव्हरपर्यंत फ्लश लागण्याची शक्यता किती?

कॅटमध्ये ५२ पानं असतात. त्यातली पाच आपण पाहिली, उरली ४७. तेरा बदामांपैकी चार दिसले, उरले नऊ. टर्नला बदाम येण्याची शक्यता झाली ४७ पैकी ९, म्हणजे साधारण १९ टक्के. इथवर कुणी अडखळत नाही. पुढचं पाऊल मात्र बहुतेकांचं चुकतं. टर्नला १९, रिव्हरला पुन्हा तेवढेच, मिळून ३८. मीसुद्धा कितीतरी दिवस असंच मोजत होतो. गंमत म्हणजे उत्तर अगदी वेडगळ येत नाही, त्यामुळे संशयही येत नाही. पण हीच बेरीज नाणेफेकीला लावून पाहा. दोन फेकींत निदान एकदा छापा पडण्याची शक्यता ५० अधिक ५० अशी शंभर टक्के होईल, आणि दोन्ही वेळा काटा पडलेला तर आपण सगळ्यांनीच पाहिलाय.

योग्य वाट उलटी आहे. फ्लश कसा लागेल हे मोजण्याऐवजी तो कसा हुकेल हे मोजायचं, कारण हुकण्याचा मार्ग एकच आहे: दोन्ही पानं बदाम नसली पाहिजेत. टर्नला बदाम नसण्याची शक्यता ४७ पैकी ३८. ते पान गेल्यावर ४६ पानं उरतात आणि त्यात बिनबदाम ३७ असतात. दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ घडायच्या म्हणून गुणाकार.

(३८/४७) × (३७/४६) = १४०६/२१६२ ≈ ०.६५०

हुकण्याची शक्यता ६५ टक्के, म्हणजे लागण्याची ३५. नेमकं सांगायचं तर ३४.९७.

मग बेरजेत ते तीन-साडेतीन टक्के जास्त आले कुठून? ४७ पानांतून दोन पानांच्या जोड्या करायच्या तर त्या १०८१ होतात. त्यातल्या ७०३ जोड्यांत एकही बदाम नाही, ३४२ जोड्यांत नेमका एक बदाम आहे आणि ३६ जोड्यांत दोन्ही बदाम आहेत. फ्लश लागतो तो ३४२ अधिक ३६, म्हणजे ३७८ जोड्यांत. सरळ बेरीज करणारा मात्र त्या ३६ जोड्या दोनदा धरतो, एकदा टर्नच्या खात्यात आणि एकदा रिव्हरच्या. फ्लश पूर्ण झाल्यावर सहावा बदाम आला तर तो दुसरा फ्लश नव्हे, पण बेरजेला ते कळत नाही. ३७८ मध्ये जास्तीचे ३६ मिळवले की ४१४ होतात, आणि ४१४ भागिले १०८१ म्हणजे ३८.३ टक्के. चूक नेमकी इथे आहे.

पोकरच्या टेबलावर कुणी ४७ ने भागत बसत नाही. तिथे एक ठोकताळा चालतो. आपल्या कामाची जितकी पानं कॅटमध्ये उरली असतील (त्यांना आउट्स म्हणतात) त्यांना, दोन पानं यायची असतील तर चारने गुणायचं आणि एकच यायचं असेल तर दोनने. नऊ चोक छत्तीस. खरं उत्तर ३५, म्हणजे ठोकताळा छान जमला. पण हा ठोकताळाही आतून बेरीजच आहे, त्यामुळे आउट्स वाढले की दोनदा मोजलेल्या जोड्याही वाढतात आणि तो घसरायला लागतो. फ्लशच्या जोडीला सलग पाच पानांचीही दोन्ही बाजूंनी आशा असेल तर आउट्स पंधरा होतात. चारने गुणून ६० टक्के येतात, खरं उत्तर मात्र ५४ च्या आसपास असतं. नऊपर्यंत बिनधास्त वापरावा, त्यापुढे थोडी काट मारावी.

आता एक आक्षेप, जो हा हिशोब ऐकून हमखास येतो. "नऊ बदाम कॅटमध्येच आहेत कशावरून? समोरच्यांच्या हातात काही गेले असतील. शिवाय टर्न आणि रिव्हरआधी वाटणारा एकेक पान उपडं बाजूला टाकतो, त्यातही बदाम असू शकतात. मग ४७ ने का भागायचं?"

आक्षेप रास्त वाटतो, म्हणून तो पूर्ण तपासून पाहू. समोर एकच खेळाडू आहे असं धरा. त्याच्या हातातल्या दोन पानांच्या शक्यता आपल्या दृष्टीने किती? पुन्हा त्याच १०८१. त्यातल्या ७०३ मध्ये त्याच्याकडे एकही बदाम नाही. मग उरलेल्या ४५ पानांत नऊच्या नऊ बदाम आहेत आणि आपली शक्यता वाढून ३६.४ टक्के होते. ३४२ मध्ये त्याच्याकडे एक बदाम आहे, तेव्हा आपली शक्यता ३२.७. आणि ३६ मध्ये त्याच्याकडे दोन बदाम आहेत, तेव्हा २९. या तिन्हींची ज्या त्या प्रमाणात सरासरी काढा. उत्तर पुन्हा ३४.९७ येतं, दशांशापर्यंत तेच. समोरच्याकडे बदाम असण्याने होणारा तोटा त्याच्याकडे बदाम नसण्याने होणारा फायदा बरोबर भरून काढतो. आणि तेच ७०३, ३४२, ३६ हे आकडे इथेही आले, हा योगायोग नाही. नीट पिसलेल्या कॅटमध्ये न दिसलेलं प्रत्येक पान सारखंच अनोळखी असतं, मग ते कुणाच्या मुठीत असो, बाजूला टाकलेलं असो, की रिव्हर होऊन उघडणार असो. पान कुठे आहे याला महत्त्व नाही, आपण ते पाहिलंय की नाही याला आहे. म्हणून डाव सोडताना एखाद्याची पानं चुकून उघडी पडली आणि त्यात दोन बदाम दिसले, तर त्या क्षणी हिशोब बदलतो.

एक बारीक फट इथे आहे, ती सांगायला हवी. लोक वाटेल त्या पानांवर खेळत नाहीत, निवडून खेळतात, त्यामुळे शेवटपर्यंत टिकलेल्याची पानं अगदी चिठ्ठी उचलल्यासारखी नसतात. पण त्याने आकडा फारसा हलत नाही.

पस्तीस हा आकडा खरा दगा देतो तो पैसे लावताना. समजा, पॉटमध्ये १०० चिप्स आहेत आणि समोरचा ५० लावतो. आपण ५० भरून कॉल केला तर जिंकल्यावर १५० मिळतील. ५० च्या बदल्यात १५०, म्हणजे चारातून एकदा जिंकलो तरी बरोबरी होते. बरोबरीला २५ टक्के लागतात आणि आपल्याकडे ३५ आहेत. कॉल करावा?

ते ५० जर समोरच्याचे शेवटचे असतील, म्हणजे तो ऑल-इन असेल, तर करावा. पुढे पैसे लावायचेच नाहीत, टर्न आणि रिव्हर दोन्ही त्याच किमतीत दिसणार. फ्लश लागला की पॉट आपला असं धरलं तर प्रत्येक कॉलमागे सरासरी २० चिप्स सुटतात. पण त्याच्याकडे अजून चिप्सचा ढीग असेल, तर या ५० मध्ये आपण फक्त टर्न विकत घेतोय. टर्नला बदाम आला नाही तर तो पुन्हा पैसे लावील आणि रिव्हरचे वेगळे मोजावे लागतील. तेव्हा तुलना २५ ची ३५ शी नाही, १९ शी करायची. मग त्याच कॉलमागे जवळपास १२ चिप्स तोटा आहे. टर्नला फ्लश लागल्यावर समोरचा आणखी चिप्स देईल अशी खात्री असेल तर हा तोटा भरून निघू शकतो, पण ती गोष्ट समोरच्याच्या स्वभावावर अवलंबून आहे, कॅटवर नाही. दोन पानांची शक्यता धरायची आणि एकाच पानाची किंमत मोजायची, ही फ्लशच्या मागे लागणाऱ्यांची सगळ्यात महागडी चूक आहे.

आणि 'फ्लश लागला की पॉट आपला' हे मघाशी आपण सहज धरून चाललो. समोरच्याकडे चौकट राजा आणि इस्पिक राजा निघाला तर? फ्लॉपवरचा किलवर राजा धरून त्याचे तीन राजे झाले. त्याची पानं माहीत असल्याने उरली ४५, त्यांच्या ९९० जोड्या. नऊही बदाम कॅटमध्ये आहेत, म्हणून फ्लश ३६० जोड्यांत लागतो. पण त्यातला बदाम राजा आला की त्याचे चार राजे होतात आणि आपला फ्लश हरतो. बदामाबरोबर आणखी एखादी छक्की किंवा दुर्री आली, किंवा टर्न आणि रिव्हर एकाच किमतीचे आले, तर त्याचा फुल हाउस होतो, म्हणजे एका किमतीची तीन आणि दुसऱ्या किमतीची दोन पानं. तोही फ्लशला मारतो.

उरलेले आठ बदाम कामाचे. दोन्ही पानं त्यातलीच आली अशा जोड्या २८. एक त्यातलं आणि दुसरं निरुपद्रवी बिनबदाम पान, अशा प्रत्येक बदामामागे २७, म्हणजे २१६. एकूण २४४. फ्लश ३६.४ टक्के वेळा लागला, डाव मात्र २४.६ टक्केच जिंकला. जवळजवळ दर तिसरा फ्लश हरला, आणि तोही एक्क्याचा, ज्याच्यावर दुसरा फ्लश असूच शकत नाही. वरच्या ऑल-इन कॉलला बरोबरीसाठी २५ टक्के लागत होते. मोठ्या फायद्याचा वाटलेला कॉल इथे निसटत्या तोट्याचा झाला.

याच्या उलट, समोर नुसता चौकट राजा आणि इस्पिक राणी असेल तर तीन राजांऐवजी त्याची राजाची एकच जोडी असते. तेव्हा आपल्याला एक्क्याची जोडी लागली तरी पुरते. उरलेले तीन एक्के आउट्समध्ये येतात, नवाचे बारा होतात, आणि शक्यता ४५ टक्क्यांच्या पुढेमागे जाते. फ्लॉप तोच, आपली पानं तीच, आणि समोरचा ५० चिप्स सरकवून आपल्याकडे बघतोय.