पाच वर्षं न हललेला स्पेअर: क्रिटिकल पार्टच्या साठ्याचं गणित कुठून आलं

दर मार्चला जवळपास प्रत्येक प्लांटच्या स्टोअरमध्ये नॉन-मूव्हिंग आयटमची यादी निघते. तीन वर्षांत इश्यू नाही म्हणजे स्टोअरमधून बाहेर निघालाच नाही, पाच वर्षांत इश्यू नाही, मग फायनान्सवाले विचारतात हे वीस लाखांचं गिअरबॉक्स कशाला ठेवलंय, विकून टाका, आणि मेंटेनन्सवाला सांगतो साहेब लागलं तर काय करणार. दोघांकडेही आकडा नसतो म्हणून ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं. हे भांडण खूप जुनं आहे आणि त्यातून बाहेर पडायचं गणितही जुनंच आहे, फक्त ते कारखान्यात जन्मलेलं नाही त्यामुळे आपल्या स्टोअरपर्यंत फार उशिरा आणि अर्धवट पोचलं.

साठ्याचं पहिलं प्रसिद्ध सूत्र १९१३ चं. अमेरिकेत वेस्टिंगहाऊसमध्ये काम करणाऱ्या फोर्ड हॅरिस नावाच्या इंजिनिअरने एका फॅक्टरी मासिकात लेख लिहिला, एका वेळी किती पार्ट बनवायचे यावर. एका बाजूला प्रत्येक लॉटमागे सेटअपचा खर्च, दुसऱ्या बाजूला माल ठेवून पैसा अडकण्याचा खर्च, दोन्हीची बेरीज सगळ्यात कमी जिथे येते तो लॉट घ्यायचा. आजही आपण ईओक्यू, म्हणजे इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी म्हणतो ते हेच. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की माल सारख्या वेगाने खपतो. बोल्ट, वेल्डिंग रॉड, ग्रीस, व्ही-बेल्ट यांना हे ठीक चालतं. दहा वर्षांत एकदा लागणाऱ्या गिअरबॉक्सला हे सूत्र लावलं तर उत्तर निरर्थक येतं, कारण तिथे प्रश्न किती मागवायचे हा नसतोच, प्रश्न असतो एक ठेवायचं की शून्य.

मग १९५१ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या फोर्ड डिकीने एबीसी वर्गीकरण मांडलं, म्हणजे ज्यावर वर्षाला जास्त रुपये खर्च होतात त्या थोड्या आयटमकडे जास्त लक्ष. प्रॉडक्शनच्या मालासाठी फार चांगली गोष्ट. स्पेअरसाठी मात्र घातक ठरू शकते, कारण दोन हजारांचं मेकॅनिकल सील वार्षिक खर्चात सी क्लासमध्ये जातं आणि तेच नसलं तर फीड पंप बंद. म्हणून आपल्याकडच्या स्टोअरमध्ये एबीसीच्या जोडीला व्हीईडी आलं, व्हायटल, इसेन्शियल, डिझायरेबल. कल्पना बरोबर आहे पण वापरताना गंमत होते ती अशी की प्रत्येक विभाग आपलं सगळंच व्हायटल लिहून देतो, कारण डिझायरेबल लिहून काही फायदा नाही आणि उद्या बंद पडलं तर दोष मात्र येतो. वर्गीकरणाने लक्ष कुठे द्यायचं ते कळतं, किती नग ठेवायचे ते कळत नाही.

ते कळायला लागणारं गणित भलतीकडेच तयार होत होतं. १८९८ मध्ये लाडिस्लाउस बोर्टकिएविच या अभ्यासकाने प्रशियाच्या सैन्यातली एक नोंद तपासली, घोड्याच्या लाथेने किती सैनिक मेले. १० तुकड्या, २० वर्षं, म्हणजे २०० नोंदी, आणि एकूण मृत्यू १२२. त्यातल्या १०९ नोंदींमध्ये एकही मृत्यू नव्हता. फ्रेंच गणिती प्वासाँने १८३७ मध्ये दिलेल्या सूत्रातून शून्य मृत्यूच्या नोंदी यायला हव्यात साधारण १०८.७. इतकं जुळतं. क्वचित घडणारी आणि एकमेकांशी संबंध नसलेली घटना कधी घडेल ते सांगता येत नाही, पण ठराविक काळात शून्य वेळा, एकदा, दोनदा घडायची शक्यता किती हे फक्त सरासरीवरून काढता येतं. यंत्राचा पार्ट अचानक तुटणं याच जातीचं आहे.

याला स्पेअरचं रूप आलं ते विमानांमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन हवाई दलाकडे लाखो प्रकारचे पार्ट आणि जगभर पसरलेले तळ होते, आणि एक पार्ट नसला की अख्खं विमान जमिनीवर. कॅलिफोर्नियातल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये १९५० च्या दशकात लोकांनी प्रत्यक्ष इश्यूच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की बहुतेक पार्टची मागणी अगदी कमी आणि अगदी बेभरवशाची आहे, म्हणजे मागच्या वर्षीच्या खपाची सरासरी काढून पुढच्या वर्षी मागवायची पद्धत इथे लंगडी पडते. त्यांनी मग स्वीडनचा टेलिफोन इंजिनिअर कॉनी पाम याचा १९३८ चा निष्कर्ष उचलला. तो टेलिफोन एक्स्चेंजसाठी होता, पण स्पेअरच्या भाषेत सांगायचं तर मागणी प्वासाँसारखी असेल तर एका वेळी किती नग ऑर्डरवर अडकलेले असतील हे फक्त सरासरी मागणी आणि सरासरी लीड टाइम, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल यायला लागणारा वेळ, यांच्या गुणाकारावर ठरतं, लीड टाइम कधी तीन महिने कधी नऊ महिने असं वरखाली झालं तरी चालतं (एका ऑर्डरचा उशीर दुसऱ्या ऑर्डरला चिकटत नसेल तर). ही फार मोठी सोय होती कारण सरासरी लीड टाइम परचेसवाला सांगू शकतो, त्यापलीकडचं कोणालाच सांगता येत नाही. १९६६ मध्ये फीनी आणि शेरब्रूक यांनी एक निघाला की लगेच एक मागवायचा या धोरणाचं गणित मांडलं आणि १९६८ मध्ये क्रेग शेरब्रूकने मेट्रिक नावाचं मॉडेल दिलं ज्यात तळ आणि मुख्य डेपो दोन्हीकडचा साठा एकत्र ठरतो.

आता हे प्लांटमध्ये कसं बसतं ते बघू. समजा एका बॉल मिलचं गिअरबॉक्स २० लाखांचं आहे, साधारण १० वर्षांत एकदा जातं, नवीन यायला ६ महिने. ठेवायचा खर्च वर्षाला किमतीच्या २० टक्के धरू, व्याज, जागा, विमा, निगा सगळं मिळून, म्हणजे ४ लाख. स्पेअर असलं तर बदलायला २ दिवस लागतात. नसलं तर धावपळ करून, जुनं रिपेअर करून किंवा कुठूनतरी उसनं आणून ४० दिवस, म्हणजे जादा बंद ३८ दिवस, आणि बंद मिलचा तोटा दिवसाला ५ लाख. म्हणजे एकदा फसलात की १९० लाख.

शून्य स्पेअर ठेवलं तर वर्षाला सरासरी तोटा १९० चा दहावा भाग, १९ लाख. एक ठेवलं तर ४ लाख ठेवणावळ, अधिक पहिलं वापरून दुसरं यायच्या आत पुन्हा एक जाण्याचा धोका. त्या ६ महिन्यांत सरासरी मागणी ०.०५, म्हणजे फसण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या जरा आत, ते वर्षाला साधारण ९० हजार पडतात. एकूण ५ लाखांच्या आत. दोन ठेवली तर ८ लाख नुसती ठेवणावळच. उत्तर एक.

आता तेच गिअरबॉक्स असलेल्या चार मिल आहेत असं धरा. मागणी वर्षाला ०.४, लीड टाइममध्ये ०.२. शून्यावर तोटा ७६ लाख, एकावर साधारण १८ लाख, दोनावर ९ लाखांच्या थोडं वर, तीनावर १२ लाख. उत्तर दोन. चारही मिलना मिळून दोनच पुरतात, मिलमागे एक धरून चार नाही. हे मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण यातून लगेच कळतं की नवीन मिल घेताना आधीच्याच मेकचं, त्याच मॉडेलचं गिअरबॉक्स मागणं म्हणजे स्टोअरमधले पैसे वाचवणं आहे, आणि हा निर्णय प्रोजेक्टवाले घेतात तेव्हा मेंटेनन्सला बहुतेक वेळा विचारलेलंही नसतं.

आणि मार्चच्या यादीचं उत्तरही इथेच आहे. १० वर्षांत एकदा लागणारा पार्ट ५ वर्षांत एकदाही न हलण्याची शक्यता ६१ टक्के निघते. म्हणजे अगदी बरोबर ठेवलेला स्पेअरसुद्धा बहुधा त्या यादीत येणारच. न हलणं हा तो नको असल्याचा पुरावा नाही. विचारायचे प्रश्न वेगळे, ते यंत्र अजून चालू आहे का, त्याचं मॉडेल बदललं का, आणि बंदचा रोजचा तोटा तेवढाच आहे का.

आपल्याकडे या गणिताची वाट आणखी एका गोष्टीने अडवली. १९९१ पर्यंत बऱ्याच इंपोर्टेड स्पेअरना लायसन्स लागायचं, ते कधी मिळेल याचा नेम नाही, म्हणून ज्याला मिळालं त्याने दोनाच्या जागी पाच मागवून ठेवले, आणि त्यावेळी ते चूक नव्हतं, लीड टाइमच तेवढा होता. उदारीकरणानंतर लीड टाइम कमी झाला तरी तो साठा तसाच पडून राहिला आणि नंतर त्याच ढिगाकडे बोट दाखवून सगळ्याच इन्शुरन्स स्पेअरवर, म्हणजे क्वचितच लागणाऱ्या पण नसले तर यंत्र बंद पाडणाऱ्या पार्टवर, कुऱ्हाड चालली, कामाच्या आणि बिनकामाच्या दोन्हींवर. हिशेबातही ते नुसतं स्टोअरचं कन्झंप्शन नाही, २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना लागू झालेल्या इंड एएस १६ या लेखा मानकात व्याख्येत बसणारा स्पेअर स्थिर मालमत्तेत धरतात, त्यामुळे तो इन्व्हेंटरी टर्नओव्हरच्या आकड्यात धरून स्टोअरकीपरला बोल लावणं बरोबर नाही.

मधल्या काळात अंदाज बांधायचीही पद्धत सुधारली. १९७२ मध्ये क्रॉस्टनने सुचवलं की मधूनच येणाऱ्या मागणीत किती लागतात आणि किती दिवसांनी लागतात हे वेगवेगळं मोजा. २००१ मध्ये सिंटेटोस आणि बॉयलन यांनी दाखवलं की त्यातून अंदाज थोडा जास्त येतो, आणि पुढे दुरुस्तीही दिली. पण यालाही वर्षाला दोनचार वेळा तरी इश्यू लागतो. २५ वर्षांत एकच नोंद असेल तर कुठलीही अंदाजपद्धत चालत नाही, तिथे मेकर किती तास सांगतो, व्हायब्रेशन आणि ऑइलचे रिपोर्ट काय म्हणतात आणि तसंच यंत्र असलेल्या इतर प्लांटचा अनुभव काय, यावरूनच दर धरावा लागतो. आणि जे झिजून झिजून जातं त्याला प्वासाँ लावूच नये, लायनर किंवा हॅमरची झीज मोजता येते, ते शटडाऊनच्या तारखेला मागवायचं.

गणितात जे दिसत नाही ते म्हणजे रॅकवरचा स्पेअर खरंच चालेल का. सूत्र समजतं नग एक आहे म्हणजे आहे. पण चालत्या यंत्राशेजारी ठेवलेल्या मोटरच्या बेअरिंगवर हादऱ्यांनी रोलर बसल्या जागी खड्डे पडतात, म्हणून शाफ्ट ठराविक काळाने हाताने फिरवून वेगळ्या जागी ठेवायचा असतो. वाइंडिंगमध्ये ओल जाते, मेगरने इन्सुलेशन तपासल्याशिवाय कळत नाही. रबराच्या ओ-रिंग कडक होतात, मोटरचा वेग बदलणारा व्हीएफडी वर्षानुवर्षं बिनवीज पडला की कपॅसिटर खराब होतात आणि थेट पूर्ण व्होल्टेज दिला तर उडतात. गिअरबॉक्सचा शाफ्ट मॉडिफिकेशनमध्ये बदललेला असतो आणि स्टोअरमधला नग जुन्या ड्रॉइंगचा असतो, कपलिंग बसत नाही हे रात्री दोन वाजता कळतं. याहून साधी गोष्ट, स्पेअर वापरला आणि त्याच्या जागी नवीन मागवायचा इंडेंटच निघाला नाही, कारण सिस्टिममध्ये त्या आयटमचा मिनिमम शून्य टाकलेला होता. वरच्या हिशेबात आपण एक निघाला की एक मागवला असं धरलं होतं, ते झालं नाही तर लीड टाइम ६ महिने राहत नाही, कोणाच्या लक्षात येईपर्यंतचा सगळा काळ त्यात जमा होतो, आणि ते ५ लाखांचं उत्तर परत १९ लाखांकडे सरकायला लागतं.